जुहूला जायचं, तर नाक समुद्राकडे

नकाशावर अहमदाबाद विमानतळापासून मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरते. खंभात गाव उजव्या हाताला राहतं, मग आखाताच्या पूर्व किनाऱ्याला धरून नर्मदेचं आणि तापीचं मुख लागतं, सुरत शहर डाव्या हाताला निसटतं, वलसाडपाशी रेघ समुद्रावर जाते आणि डहाणूच्या आसपास पुन्हा जमिनीवर येते. लांबी सुमारे २३९ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ४४२ किलोमीटर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले, तिथे बैलगाडीतून आणलेलं पेट्रोल भरलं आणि जुहूला उतरले, तो प्रवासाचा दुसरा टप्पा याच दोन गावांमधला. विमान होतं एका इंजिनाचं पस मॉथ, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखवणारं कुठलंही यंत्र नाही. त्यांच्या सोबतीला गॉगल आणि स्लाइड रूल एवढंच होतं, असं टाटांच्या इतिहासात हौसेने सांगितलं जातं. गॉगल कशाला, ते कळतं. स्लाइड रूल कशाला, हा या लेखाचा विषय आहे.

त्या दिवशी वारा कसा होता, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपण आपला वारा घेऊ, पावसाळ्यात या किनाऱ्यावर हजार मीटर उंचीवर सर्रास असतो तसा: पश्चिम-नैऋत्येकडून, ताशी २० नॉट. (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. वैमानिक वारा आणि वेग दोन्ही नॉटमध्येच मोजतात, म्हणून आपणही.) विमान पस मॉथसारखंच, ९० नॉटचं. खाली ढगांचा थर आहे, जमीन दिसत नाही. वैमानिकाने नकाशावर कोनमापक ठेवून दिशा मोजली: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १७७ अंश. होकायंत्रावर १७७ धरले आणि २ तास ३९ मिनिटं तो इमाने इतबारे तसाच उडाला, कारण २३९ भागिले ९० म्हणजे तेवढाच वेळ.

आता तो ढगांखाली आला, तर खाली जुहूची वाळू नसेल. हरिश्चंद्रगड असेल. वाऱ्याने त्याला जवळपास ९४ किलोमीटर पूर्वेला नेलेलं असेल, आणि शेवटची काही मिनिटं तो कळसूबाईच्या शेजारून गेलेला असेल. चार हजार फुटांवरून उडणाऱ्या माणसासाठी ही चांगली बातमी नव्हे, कारण कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांचं आहे.

यात वैमानिकाच्या हाताची काहीच चूक नाही. १७७ म्हणजे १७७ त्याने धरले होते. चूक समजुतीची आहे. विमानाचं नाक जिकडे, तिकडेच विमान जातं, हे फक्त हवेपुरतं खरं आहे; जमिनीपुरतं नाही.

कोकणातल्या खाडीवर ओहोटीच्या वेळी तर ओलांडणारा होडीवाला पाहिला असेल, तर अर्धं काम झालं. समोरच्या धक्क्यावर जायचं असतं, पण होडीचं तोंड तो धक्क्याच्या बरंच वर, पाणी येतं त्या अंगाला ठेवतो. होडी तिरकी दिसते आणि सरळ जाते. विमानाचं हेच, फरक इतकाच की होडीवाल्याला किनारा दिसत असतो आणि ढगांवरच्या वैमानिकाला काही दिसत नसतं. तोंड किती वर ठेवायचं हे होडीवाला डोळ्यांनी ठरवतो, वैमानिकाला ते आकड्यांनी ठरवावं लागतं.

पुष्कळांचा एक समज असतो की आडव्या वाऱ्यात वैमानिकाला सतत रडरचं पेडल दाबून विमान वाऱ्याशी झुंजवत ठेवावं लागतं. तसं नाही. विमान हवेच्या आत आहे, आणि ही सगळी हवाच एका गठ्ठ्याने पूर्वेकडे सरकते आहे. विमानाच्या कुशीवर वारा आपटत नाही. त्याच्या दृष्टीने हवा नेहमी समोरूनच येते. म्हणून वैमानिकाला शरीराने काहीच जाणवत नाही, पंख समतल, सगळे काटे जागच्या जागी, आणि जमीन मात्र खालून तिरकी सरकते. दुरुस्तीही म्हणूनच सोपी आहे: एकदा वळून नाक योग्य अंशावर आणायचं आणि मग नेहमीसारखं सरळ उडायचं. सगळा प्रश्न तो योग्य अंश कोणता, एवढाच.

त्यासाठी कागद घ्या. उभी रेघ उत्तर समजा. एका बिंदूला अहमदाबाद म्हणा आणि तिथून १७७ अंशांवर एक लांब रेघ खाली ओढा. ही आपल्याला हवी असलेली जमिनीवरची वाट. वैमानिक तिला ट्रॅक म्हणतात. ती किती लांब ठेवायची हे अजून माहीत नाही, म्हणून कागद संपेपर्यंत जाऊ द्या.

आता वारा. हवामान खातं वारा सांगतं तो कुठून येतो ते सांगतं. आपला वारा २५० अंशांवरून येतो, म्हणजे जातो त्याच्या बरोबर उलट, ७० अंशांकडे, साधारण पूर्व-ईशान्येला. प्रमाण एक सेंटिमीटरला दहा नॉट धरलं, तर अहमदाबादपासून ७० अंशांच्या दिशेने दोन सेंटिमीटरची रेघ ओढा. एका तासात हवा एवढी सरकते.

विमानाचा हवेतला वेग ९० नॉट, म्हणजे नऊ सेंटिमीटर. कंपास नऊ सेंटिमीटर उघडा, टोक वाऱ्याच्या रेघेच्या शेवटावर टेकवा आणि कंस मारा. तो ट्रॅकच्या लांब रेघेला जिथे छेदतो तो बिंदू वाऱ्याच्या टोकाला जोडा. झाला त्रिकोण. ही शेवटची रेघ ज्या दिशेला जाते ती विमानाच्या नाकाची दिशा, म्हणजे हेडिंग. आणि ट्रॅकवर अहमदाबादपासून छेदबिंदूपर्यंत जेवढे सेंटिमीटर भरतील, तो जमिनीवरचा खरा वेग, ग्राउंड स्पीड. कोनमापक आणि पट्टी लावली तर हेडिंग १८९ च्या आसपास आणि वेग सव्वाआठ सेंटिमीटरच्या किंचित खाली मिळेल. पेन्सिलला टोक बरं असेल तर याहून अचूक उत्तराची कुठल्याही लहान विमानाला गरज नाही.

या त्रिकोणात काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते जरा नीट पाहण्यासारखं आहे, कारण साइनचा नियम इथे का शिरतो ते त्यातून कळतं. वाऱ्याची दिशा आणि वेग, दोन्ही माहीत. ट्रॅकची दिशा माहीत, लांबी नाही. विमानाची लांबी, म्हणजे वेग, माहीत, दिशा नाही. प्रत्येक बाजूचे दोन तपशील, असे एकूण सहा. त्यातले चार हातात आहेत आणि दोन शोधायचे आहेत. हेडिंग आधी ठाऊक असतं तर साध्या बेरजेने भागलं असतं. पण इथे एका बाजूची लांबी कळते आणि दुसरीची दिशा कळते, त्यामुळे सरळ बेरीज करता येत नाही.

मात्र एक गोष्ट जमून आली आहे. अहमदाबादपाशी वारा ७० अंशांकडे जातो आणि ट्रॅक १७७ कडे. दोन्हींतला कोन १०७ अंश. या कोनाच्या बरोबर समोरची बाजू म्हणजे विमानाची नऊ सेंटिमीटरची रेघ. म्हणजे एक बाजू आणि तिच्या समोरचा कोन, अशी पूर्ण जोडी आपल्याकडे आहे. शिवाय वाऱ्याची लांबी आहे, आणि तिच्या समोरचा कोन म्हणजे नेमका आपल्याला हवा असलेला कोन: हेडिंग आणि ट्रॅक यांच्यातली फट.

त्रिकोणात मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असतो, हे शाळेत शिकवतात. पण बाजू दुप्पट झाली म्हणून समोरचा कोन दुप्पट होत नाही. दुप्पट होते ती त्या कोनाची साइन. साइनचा नियम एवढंच सांगतो: त्रिकोणाच्या कुठल्याही बाजूला तिच्या समोरच्या कोनाच्या साइनने भागा, तिन्ही वेळा तोच आकडा येतो.

आपल्या पूर्ण जोडीवरून तो आकडा काढू. १०७ अंशांची साइन ०.९५६. नव्वदला तिने भागलं की ९४.१. हा या प्रवासाचा किल्लीचा आकडा. बाकीची दोन्ही कुलपं यानेच उघडतात.

वारा २० नॉट. त्याच्या समोरच्या कोनाची साइन म्हणजे २० भागिले ९४.१, म्हणजे ०.२१३. कोष्टकात किंवा कॅल्क्युलेटरवर ०.२१३ ही कुठल्या कोनाची साइन, ते पाहा: १२.३ अंश. वारा उजवीकडून येतो, म्हणून नाक उजवीकडे. १७७ अधिक १२, हेडिंग १८९. जुहू मुंबईत असली तरी नाक मुंबईच्या उजवीकडे, अरबी समुद्रावर रोखलेलं.

तिसरा कोन उरला. १८० मधून १०७ आणि १२.३ गेले की ६०.७ अंश. त्याची साइन ०.८७२. त्याला ९४.१ ने गुणलं की ८२. हा ग्राउंड स्पीड. २३९ मैलांना २ तास ५५ मिनिटं. वारा नसता त्यापेक्षा सोळा मिनिटं जास्त, आणि तेवढं पेट्रोल जास्त.

स्लाइड रूल कशाला, याचं उत्तर या तीन ओळींत आहे. स्लाइड रूलवर एक पट्टी दुसऱ्या पट्टीवर सरकते, आणि एकदा ९० चा आकडा १०७ अंशांच्या साइनसमोर आणून ठेवला की ९४.१ हे गुणोत्तर पूर्ण पट्टीभर पसरतं. मग पट्टी पुन्हा हलवायची गरज नाही. २० च्या समोर कोन वाचा, ६०.७ च्या समोर वेग वाचा. एका हाताने कांडी धरलेल्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? वाऱ्याचे आडवे आणि उभे असे दोन घटक वेगळे काढून पायथागोरसच्या मार्गाने गेलो तरी उत्तर तेच येतं, आणि कॉलेजात बहुधा तसंच शिकवतात. पण त्यात वर्ग येतात, वर्गमूळ येतं, वजाबाकी येते. साइनच्या नियमात फक्त भागाकार आणि गुणाकार आहेत, आणि स्लाइड रूलला नेमकं तेवढंच येतं.

पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत फिलिप डाल्टन यांनी फिरती चकती आणि सरकती पट्टी असलेलं एक साधन बनवलं. ई-सिक्स-बी या नावाने ते आजही वैमानिकांच्या दप्तरात असतं. त्याच्या वाऱ्याच्या बाजूवर साइन वगैरे काही वाचावी लागत नाही. पारदर्शक चकतीवर पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा आणि चकती फिरवायची. आपण कागदावर काढला तोच त्रिकोण त्या ठिपक्यात दडलेला असतो.

परतीचं गणितही करून पाहण्यासारखं आहे. जुहूहून अहमदाबादला ट्रॅक ३५७, वारा तोच. आता वाऱ्याच्या दिशेत आणि ट्रॅकमध्ये ७३ अंशांचा कोन. पण १०७ आणि ७३ यांची बेरीज १८० होते, आणि अशा दोन कोनांची साइन एकच असते. म्हणून सुधारणा पुन्हा १२.३ अंशच, फक्त आता वारा डावीकडून येतो म्हणून नाक डावीकडे: ३४५. तिसरा कोन मात्र वेगळा, ९४.७ अंश, आणि वेग जवळजवळ ९४ नॉट. वेळ २ तास ३३ मिनिटं. जाताना सोळा मिनिटं गमावली, येताना सहाच परत मिळाली. वारा एका दिशेला जेवढा घेतो तेवढा परत देतो, हा हिशोब कधीच जुळत नाही. त्यातलं एक कारण असं की बरोबर काटकोनात आलेला वारासुद्धा वेळ खातो. नाक तिरकं ठेवावं लागतं, आणि नव्वदातले काही नॉट पुढे न जाता नुसते वाऱ्याला तोंड देण्यात जातात.

ही दोन कोनांची एकच साइन असण्याची गोष्ट एका नेहमीच्या चुकीला लपवतेही. नवशिका वैमानिक कधी कधी २५० अंशांचा वारा २५० कडे जातो असं धरून बसतो. त्याचं गणित तपासायला घेतलं तर सुधारणेचा कोन बरोबर येतो, १२.३. म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही. पण बाजू उलटी होते, हेडिंग १८९ ऐवजी १६५, आणि वेग ८२ ऐवजी ९४ मानला जातो. दुरुस्ती आणि वारा दोघं मिळून त्याला एकाच बाजूला ढकलतात. त्याच्या हिशोबाने २ तास ३३ मिनिटांनी जुहू यायला हवं, तेव्हा तो शिर्डीपासून दहा-बारा किलोमीटरवर असेल. देवदर्शनाला ठीक, टपाल पोचवायला नाही. म्हणून उत्तर काढल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय शिक्षक लावतात: नाक वाऱ्याकडे वळलं का? वारा उजवीकडून, तर हेडिंगचा आकडा ट्रॅकपेक्षा मोठा हवा. डावीकडून, तर लहान.

दुसरी तपासणी तोंडी करायची. वाऱ्याला साठने गुणा आणि विमानाच्या वेगाने भागा: २० गुणिले ६०, भागिले ९०, म्हणजे १३. पूर्ण आडव्या वाऱ्यात जास्तीत जास्त इतके अंश नाक वळवावं लागेल. वारा तिरका असेल तर त्यातला हिस्सा घ्यायचा: ट्रॅकशी १५ अंशांवर असेल तर पाव, ३० वर अर्धा, ४५ वर पाऊण, ६० च्या पुढे जवळजवळ पूर्ण. आपला ७३ वर आहे, म्हणून पूर्ण तेरा. खरं उत्तर १२.३. ही तोंडी युक्ती म्हणजे साइनच्या नियमाचंच ढोबळ रूप आहे, कारण लहान कोनांची साइन ही अंशांना साधारण साठने भागल्यासारखी वागते. कॅल्क्युलेटरने तीन किंवा चाळीस असं काही दाखवलं, तर तेरा लक्षात असलेला माणूस फसत नाही.

आकडे भरताना दोन ठिकाणी जपावं लागतं. वेग हवेतला खरा वेग हवा, काट्यावर दिसतो तो नव्हे. वर हवा विरळ असते, त्यामुळे काटा कमी दाखवतो. दर हजार फुटांना सुमारे दोन टक्के, हा ढोबळ अंदाज. आणि दिशा सगळ्या एकाच उत्तरेपासून मोजलेल्या हव्यात. नकाशा आणि वरच्या वाऱ्याचा अंदाज भौगोलिक उत्तर धरतात, होकायंत्र चुंबकीय. पश्चिम भारतात या दोन उत्तरांमध्ये आज एक अंशाचाही फरक नाही, म्हणून आपलं १८९ होकायंत्रावरही १८९ च राहतं. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या काही भागांत तोच फरक पंधरा-वीस अंशांचा असतो, म्हणजे आपल्या सगळ्या सुधारणेपेक्षा मोठा.

पण गणित कितीही नेटकं केलं तरी ते अंदाजाच्या वाऱ्यावर उभं असतं, आणि वारा अंदाज वाचत नाही. म्हणून जमीन दिसत असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच ताळा घेतात. आपल्या वाटेवर त्यासाठी खंभात सोयीचं आहे. अहमदाबादपासून ४६ मैलांवर ते उजव्या हाताला तीन मैलांवर दिसायला हवं. वैमानिक १८९ धरून तिथे आला, आणि गाव तीन नव्हे, साडेसात मैलांवर दिसलं. म्हणजे तो वाटेच्या साडेचार मैल डावीकडे सरकला आहे. वारा अंदाजापेक्षा जोराचा आहे.

इथे पुन्हा तोच साठचा आकडा कामाला येतो. साठ मैलांत एक मैल सरकलो तर चूक एक अंशाची. ४६ मैलांत साडेचार, म्हणजे साठात साधारण सहा. चूक सहा अंशांची. हेडिंग १९५ केलं की वाट सुटणं थांबेल, पण तो साडेचार मैल बाजूनेच समांतर जात राहील. परत मूळ रेघेवर यायचं तर आणखी सहा अंश, २०१, आणि आणखी तेवढेच ४६ मैल. मग १९५ वर स्थिर. सुरतेच्या अलीकडेच तो पुन्हा रेघेवर आलेला असेल.

याच निरीक्षणातून खरा वाराही काढता येतो. त्रिकोणाची कोणती बाजू शोधायची तेवढं बदलतं. आता हेडिंग ठाऊक आहे, वेग ठाऊक आहे, आणि घड्याळावरून व नकाशावरून प्रत्यक्ष वाट आणि तिच्यावरचा वेगही ठाऊक आहे. उरतो तो वारा. दिशा तीच धरली तर तो २८ नॉटचा निघतो. नव्याने साइनचा नियम लावला: ९४.१ तोच, कारण विमान आणि कोन तेच. २८ भागिले ९४.१ म्हणजे ०.२९८, कोन १७.३ अंश, हेडिंग १९४. साठच्या ढोबळ हिशोबाने १९५ सांगितलं होतं. वेग मात्र आता ७८ च्या आत आला, आणि जुहू २ तास ५५ मिनिटांऐवजी ३ तास ४ मिनिटांवर गेली. टाकीत किती उरणार हे पुन्हा मोजावं लागतं, आणि बऱ्याचदा खरी काळजी दिशेची नसून या नऊ मिनिटांची असते. आजच्या विमानातला संगणक उपग्रहावरून जमिनीवरची वाट घेतो, होकायंत्रावरून हेडिंग घेतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात एका बाणाने वारा दाखवतो. तो सेकंदासेकंदाला हाच उलटा त्रिकोण सोडवत असतो.

आता थोडं गणिताच्या आवडीसाठी. साइन कधीच एकपेक्षा मोठी नसते. समजा कामशेतला कुणी पॅराग्लायडरवर आहे, त्याचा हवेतला वेग २० नॉट, आणि वारा २५ चा, आपल्यासारखाच समोरून तिरका, ७३ अंशांवर. २५ गुणिले ०.९५६ भागिले २० म्हणजे १.२. अशी साइन असलेला कोन जगात नाही. कॅल्क्युलेटर चूक दाखवतो, आणि ती कॅल्क्युलेटरची चूक नसते. नाक कुठेही फिरवा, त्या वाटेवर हा माणूस जाऊच शकत नाही. कागदावर केलं असतं तर कंसाने ट्रॅकच्या रेघेला स्पर्शच केला नसता.

आणि बारावीत ज्यांनी हा नियम मन लावून शिकला असेल त्यांना एक शंका आधीच आली असेल. ०.२१३ ही फक्त १२.३ अंशांची साइन नाही, १६७.७ ची पण आहे. मग दुसरं उत्तर कुठे गेलं? जुहूच्या त्रिकोणात ते बसत नाही. एक कोन १०७ चा असताना दुसरा १६७.७ चा कसा मावणार? विमान वाऱ्यापेक्षा वेगवान असेल तोवर दुसरं उत्तर नेहमी असंच बाद होतं. पण वारा वरचढ आणि मागून तिरका असेल तर ते बाद होत नाही. तोच पॅराग्लायडर, २० नॉट, वारा २५, पण आता मागून, ट्रॅकशी ४० अंशांवर. ४० ची साइन ०.६४३. २५ गुणिले ०.६४३ भागिले २० म्हणजे ०.८०४, आणि कोन ५३.५ किंवा १२६.५. दोन्ही त्रिकोण बनतात. दोन्ही वेळा वाट तीच, पहिल्यात वेग ३१ नॉट आणि दुसऱ्यात जेमतेम ७. दुसऱ्यात पॅराग्लायडरचं तोंड जवळजवळ उलटं, वाऱ्याकडे असतं आणि तो पाठीमागे सरकत सरकत त्याच रेघेवरून जातो. कुठे सावकाश उतरायचं असेल तर त्याला हवं ते हे दुसरं उत्तर.